काचेतून काढलेला आजींचा फोटो

आमचा स्टुडिओ तालुक्याच्या गावात, स्टँडसमोर. लग्नं, बारसं, पासपोर्ट फोटो हे सगळं चालतंच, पण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही की आमच्याकडचं एक ठरलेलं काम म्हणजे दहाव्याच्या आत फ्रेम. माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी मोबाईल घेऊन येतं, आणि त्यात चांगला असा एकही फोटो नसतो. ग्रुप फोटोतला डोळे मिटलेला चेहरा, आधार कार्डाची झेरॉक्स, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात जेवताना काढलेला. त्यातून आम्ही चेहरा काढायचा, मागे निळा पडदा टाकायचा, बारा बाय अठरा. हे इतकं सवयीचं झालंय की लक्षात राहत नाही. हा एक फोटो मात्र राहिलाय.

नातू आणि त्याचे काका आले होते. आजी गेल्या होत्या. फोटो नातवाने दिवाळीनंतर परत पुण्याला निघताना गाडीत बसल्या बसल्या काढलेला, मागच्या सीटवरून, काच बंद, एसी चालू. आजी पडवीत उभ्या, मागे घराचं काळं लाकडी दार, आणि तोंडभर हसतायत. काका म्हणाले, "आई फोटोत कधी हसली नाही हो, कॅमेरा दिसला की तोंड गप. हाच पाहिजे." खरंच तसं हसू दुसऱ्या कुठल्या फोटोत नव्हतं, त्यांनी आणलेले सगळे मी बघितले.

पण अर्ध्या चेहऱ्यावर धुरकट निळसर पडदा, आणि एका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पांढराफटक डाग.

हे कुठून येतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं काच घाण होती. काच स्वच्छच होती. काचेला सरळ समोरून बघितलं तर साधारण आठ टक्के उजेड ती परत फेकते, पुढच्या पृष्ठभागावरून चार आणि मागच्यावरून चार. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आजी पडवीच्या सावलीत, आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून दुपारचं उघडं आकाश आत येतंय. आकाशाचे आठ टक्के सावलीतल्या चेहऱ्याला सहज भारी पडतात. म्हणजे तो पडदा होता समोरच्या खिडकीतल्या आकाशाचा. मग अर्धाच चेहरा धुरकट का? कारण नातवाचं स्वतःचं डोकं आणि मोबाईल धरलेला हात त्या आकाशाच्या मधे आलेला. त्याच्या डोक्याची काळी सावली काचेत जिथे पडली तिथून आजी स्वच्छ दिसतायत. काचेतून काढलेला फोटो हातात आला की मी पहिल्यांदा ही सावलीच शोधतो, कारण तिथे खरा रंग काय आहे ते कळतं आणि बाकीचं त्याला जुळवता येतं.

त्याआधी एक भांडण असतं ते म्हणजे ओरिजिनल फाईल. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला, साइज कमी झालेला, दाबलेला. असा फोटो साफ करायला घेतला की धुकं जातं आणि खालून चौकोन चौकोन वर येतात. कितीदा सांगायचं लोकांना की डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नातवाकडे सुदैवाने मूळ फोटो फोनमध्ये होता, केबल लावून घेतला.

आता मुख्य काम. आमच्याकडे एक पोरगा आहे, हाताला चपळ, अल्बम डिझाइन झकास करतो, पण त्याला घाई फार. त्याने माझ्याआधी फोटो उघडला, धुकं काढणारा डिहेझचा स्लायडर ओढला, आजींची चांगली बाजू एकदम तांबडी झाली, मग निळ्या रंगाचं सॅच्युरेशन शून्यावर नेलं आणि म्हणाला झालं. लांबून बघितलं तर झालंही होतं. पण कपाळावर मधोमध एक बारीक ठिपका होता तो गायब. मी म्हटलं हा काय होता? म्हणाला रिफ्लेक्शनचाच डाग असणार, निळसर हिरवा होता.

नातवाला विचारलं, त्याला आठवेना. रोज बघितलेलं माणूस, पण कपाळावर काय होतं ते आठवेना, यात त्याचा दोष नाही, आपलंही तसंच होतं. काका म्हणाले वडील गेल्यापासून ती कुंकू लावत नव्हती, म्हणजे काही नसणार. मग आत्यांना फोन लावला. त्या ओरडल्याच, "अरे गोंदण हाय ते आईचं! लहानपणी गोंदलेलं, कुंकू गेलं तरी ते कसं जाईल?"

म्हणून मी म्हणतो की काचेवरची झाक ही रंग समजून पुसायची नाही. ती वरून मिसळलेली असते. खालचं सगळं तिथेच असतं, वर आकाशाचा उजेड येऊन बसलेला असतो. तेव्हा जेवढा आला तेवढाच वजा करायचा. निळा रंग मारला की आकाशाबरोबर गोंदणही जातं. वजाबाकी केली की आकाश जातं आणि गोंदण उघडं पडतं.

वजाबाकी किती करायची ते दाराने सांगितलं. मागचं काळं दार दोन्हीकडे होतं, थोडं नातवाच्या सावलीत, थोडं धुक्यात. आकडा शून्य म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं. आयड्रॉपर या रंगाचे आकडे दाखवणाऱ्या टूलने बघितलं तर सावलीत लाल 14, हिरवा 12, निळा 11, म्हणजे काळंच. तेच लाकूड धुक्यात 61, 72, 84. आकाशामुळे निळा सगळ्यात जास्त चढलेला. आता इथे बरेच जण लेव्हल्सचं काळं टोक पुढे सरकवतात, म्हणजे सगळेच आकडे एकदम खाली ओढतात. दार जुळतं, पण गाल काजळी फासल्यासारखा होतो. कारण वरून तेवढाच उजेड आला तरी काळ्या भागाचा आकडा खूप चढतो आणि उजळ भागाचा थोडाच. माझ्याकडे हिरव्या चॅनलमध्ये दार 12 चं 72 झालेलं, साठचा फरक, आणि गाल 130 चा 145, फक्त पंधराचा. म्हणून कर्व्हज, तिथे काळा आणि उजळ भाग वेगवेगळा खाली आणता येतो. प्रत्येक चॅनलला दोन ठिपके द्यायचे, एक दाराचा, एक गालाचा, धुक्यातला आकडा स्वच्छ आकड्यावर आणून ठेवायचा. लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगवेगळे करायचे. मग मास्क, म्हणजे ही दुरुस्ती धुक्यापुरतीच लागावी म्हणून घातलेली झाकणी, नातवाच्या डोक्याच्या सावलीच्या कडेने, मऊ ब्रशने. वेळ सगळा या कडेत जातो. ती कड मुळात धूसर असते, तेवढाच धूसर मास्क हवा, जरा कडक किंवा जरा जास्त मऊ झाला की नाकावरून काळी नाहीतर उजळ रेघ उतरते. स्क्रीनवर पन्नास टक्क्यांवर बघायचं, मग फोटो उलटा करून बघायचं, म्हणजे डोळा चेहरा बघत नाही, फक्त रेघ बघतो.

आणि झाल्यावर एक गोष्ट राहतेच. वरचा उजेड वजा झाला तरी त्या उजेडाबरोबर आलेला नॉइज, म्हणजे दाणा, वजा होत नाही. धुक्याखालचा गाल जास्त दाणेदार दिसतो. पोरगा म्हणाला त्या बाजूला स्मूथ मारू. म्हणजे एक गाल सत्तरीचा आणि एक मेणाचा. मी अगदी थोडा नॉइज कमी केला आणि स्वच्छ बाजूला तेवढाच दाणा घातला. अंगावर येईल ऐकायला, पण चांगली बाजू जराशी बिघडवल्याशिवाय दोन्ही एक होत नाहीत.

गोंदण आलं. आत्यांना पाठवलं, त्यांनी फक्त हात जोडलेले पाठवले.

राहिला तो पांढरा डाग. तिथे काही वजा करायचं नव्हतं, कारण तिन्ही आकडे 255. काच उन्हात कुठेतरी चमकलेली, बहुतेक गाडीच्या समोरच्या दाराची क्रोमची पट्टी. 255 च्या खाली काय होतं ते फाईलमध्ये लिहिलेलंच नाही, कुणी कितीही मोठा एडिटर असू दे. अशा वेळी आमच्या धंद्यात सर्रास काय करतात तर दुसरा डोळा उलटा करून चिकटवतात. मला ते बघवत नाही. आजींची त्या बाजूची पापणी जराशी खाली उतरलेली, जुन्या फोटोंत स्पष्ट दिसते. तिथे दुसऱ्या डोळ्याची नक्कल लावली की घरचे म्हणणार, काहीतरी वेगळं वाटतंय हो, काय ते सांगता येत नाही.

नातवाचा फोन आयफोन आणि फोटो लाईव्ह होता हे माझं नशीब. लाईव्ह फोटोत क्लिकच्या आधीचा आणि नंतरचा दीड-दीड सेकंद व्हिडिओ असतो. गाडी नुकती हलायला लागलेली. मग काय होतं, काचेतली चमक फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहते, कारण ती गाडीचीच, आणि आजी हळूहळू मागे सरकतात. एकेक फ्रेम बघत गेलो. शेवटाकडे चमक डोळ्यावरून सरकून पदरावर गेलेली, डोळ्याचा कोपरा पूर्ण मोकळा. व्हिडिओची फ्रेम फोटोपेक्षा बरीच लहान, ताणून मोठी करावी लागली, पण कोपरा खरा होता, त्यांचाच होता.

फक्त त्या फ्रेममध्ये त्या हसत नव्हत्या.

दीड सेकंदात हसू उतरलेलं. गाडी निघाली, हात अजून वर, आणि डोळ्यात पाणी. पहिल्यांदा मला वाटलं ती काचेचीच चमक, म्हणून पुढची-मागची फ्रेम लावून बघितली. काचेची असती तर गाडीबरोबर राहिली असती. ती डोळ्याबरोबर सरकत होती.

आता करायचं काय. हसतानाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुत्या पडतात, त्या या फ्रेममध्ये नाहीत. मी पापणीची कड आणि बुबुळाचा बाहेरचा भाग एवढाच घेतला, पाण्याची रेघ त्यातच आली. सुरकुत्यांपैकी वरच्या दोन डागाच्या बाहेर असल्याने शाबूत होत्या, खालच्या हाताने रंगवल्या नाहीत, तिथली कातडी जराशी सपाट ठेवली. काकांना खुर्चीत बसवून व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं, हा एवढा कोपरा दीड सेकंदानंतरचा आहे, पुढच्या क्षणाचा, चालेल का. नसेल चालत तर डाग मऊ करून देतो, डोळा अर्धा दिसेल. ते व्हिडिओच बघत बसले. मग म्हणाले, "चालेल ओ. पण बाकीच्यांना व्हिडिओ दाखवू नका."

नातू बाहेर चहाच्या टपरीवर होता. त्याने तो लाईव्ह कधी दाबून बघितलाय का, मी विचारलं नाही. फोन त्याचाच आहे, कधीतरी बोट जास्त वेळ टेकेलच.

फ्रेम मॅट लॅमिनेशनमध्ये दिली, काच घालू दिली नाही, काका काच मागत होते तरी. ट्यूबलाईटखाली भिंतीवर लावणार, पुन्हा त्याच चेहऱ्यावर चमक. बारा बाय अठराला, चार फुटांवरून, तो कोपरा कळत नाही. मला कळतो.

आता परवा काकांचा फोन आला, वर्षश्राद्धाला चोवीस बाय छत्तीस पाहिजे म्हणतायत, बैठकीत लावायला. मी नाही म्हणालो नाही, पण त्या साइजला व्हिडिओतून ताणलेला तुकडा जवळून उघडा पडतो, पापणीचे केस म्हणून काही उरत नाही, नुसती पट्टी. त्यांना सांगितलंय, आधी फक्त डोळ्याच्या भागाची त्या मापाची प्रिंट काढून दाखवतो, मग ठरवा. फोटोशॉपची पीएसडी फाईल ठेवलीय, दोन्ही लेअर वेगळ्या आहेत.