‘दिसते’ या एका क्रियापदाने मला तीन आठवडे अडवले

ऐरोलीजवळच्या एका कोळीवाड्यातील निवटी या चिखलातल्या माशाच्या मासेमारीवर मराठीत लिहिलेला माझा शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकाला पाठवायचे ठरले, तेव्हा भाषांतर केले की काम झाले, अशी माझी समजूत होती. ठाण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी दोन पाने वाचून एवढेच विचारले, “यात तुम्ही पाहिलेले कोणते आणि तुम्हाला वाटलेले कोणते?” मला सांगता आले नाही.

प्रस्तावनेला वेळ लागला नाही. ठाण्याच्या इतिहासाची चार पाने गाळली, ठाणे खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाल्याचा उल्लेख ठेवला आणि शेवटी संशोधनाचा प्रश्न मांडला. खरी अडचण पुढे होती. आपल्याकडे निबंधाच्या अखेरीस येणाऱ्या ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली आढळलेली माहिती आणि तिचा लावलेला अर्थ एकत्रच नांदतात; इंग्रजी निबंधात त्यांची ‘काय आढळले’ आणि ‘चर्चा’ अशी दोन घरे करायची होती.

माझे एक वाक्य असे होते : ‘खाडीत गाळ वाढल्यामुळे निवटी कमी झाल्याचे दिसते.’ हे ‘दिसते’ डोळ्यांना दिसलेले, लोकांनी सांगितलेले की मी अनुमानलेले, हे वाक्यावरून कळत नाही. डायरी काढून पाहिली, तर 22 मुलाखतींपैकी 17 जणांनी निवटी पूर्वीपेक्षा कमी मिळते असे सांगितले होते आणि त्यांतील 11 जणांनी गाळाचे नाव घेतले होते. गाळ मी मोजलेलाच नव्हता. त्यामुळे हे दोन आकडे ‘काय आढळले’ या भागात गेले, आणि गाळ हे संभाव्य कारण असून त्याचे मोजमाप झालेले नाही, हे वाक्य चर्चेत गेले. त्यानंतर मी निबंधातले प्रत्येक ‘दिसते’, ‘आढळते’ आणि ‘म्हणावे लागेल’ अधोरेखित करून असेच तपासले. काही वाक्यांना मागे कोणतीच नोंद नव्हती, ती काढून टाकावी लागली.

पद्धतीचा भाग तर मूळ निबंधात नव्हताच. ‘वारंवार भेटी देऊन’ या शब्दांच्या जागी डायरीतल्या 14 भेटी लिहिल्या, आणि एका ओळखीच्या घरापासून पुढची घरे कशी मिळत गेली, हेही लिहिले. हे लिहिताना लक्षात आले की, ओहोटीला गाळात उतरून हाताने निवटी पकडणारे पुरुषच मी बहुतेक गाठले होते. मासळी विकणाऱ्या स्त्रिया अवघ्या तीन होत्या. ही मर्यादा मी चर्चेत स्पष्टपणे नोंदवली.

परीक्षकांनी या मर्यादेवर काहीच म्हटले नाही. त्यांचा प्रश्न निराळाच होता : आगरी-कोळी बोलीतील उद्गारांचे इंग्रजी भाषांतर कोणी केले आणि ते कोणी पडताळले? भाषांतर माझेच होते, पडताळणी कोणीच केली नव्हती. मग गावातल्या एका पदवीधर तरुणाकडून सर्व उद्गार मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून घेतले, दोन ठिकाणी अर्थ दुरुस्त केला आणि पद्धतीच्या भागात त्याबद्दलचे एक वाक्य वाढवले.