सुपरट्रेंडचा मल्टिप्लायर ठरवताना मी काय काय बघितलं (सोलापूर, डेली चार्ट)

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशोबाला आहे, त्यामुळं दिवसा स्क्रीनसमोर बसणं शक्यच नाही. संध्याकाळी घरी आलं की डेली कँडल बघायची, सिग्नल असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर टाकून कामाला निघायचं, एवढंच जमतं. सगळं डिलिव्हरीत, फक्त खरेदीच्या बाजूनं. अशा माणसाला चार्टवरचा सुपरट्रेंड हा इंडिकेटर बरा पडतो, कारण शेअर घ्यायचा कधी आणि सोडायचा कधी हे एकच रेघ सांगते. प्रश्न होता तो सेटिंगचा. ट्रेडिंगव्ह्यूवर पीरियड 10 आणि मल्टिप्लायर 3 आधीच भरलेलं येतं, पण ते आपल्याला चालतं की नाही हे कोण सांगणार. आमचे मामा बरीच वर्षं मार्केटमधे आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "अरे 3 ठेव, 2 ठेवलास तर रोज कापला जाशील." आणि माझा मित्र म्हणायचा, "काय बे, 3 ठेवून निम्मा फायदा परत द्यायचा व्हय?" दोघांचंही म्हणणं चार्टवर दिसत होतं, म्हणून मी एक्सेलमधे मांडायलाच घेतलं.

आधी रेघ कशी बनते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

```
हिरवी = (High + Low)/2 - m × ATR
लाल   = (High + Low)/2 + m × ATR
```

इथं m म्हणजे मल्टिप्लायर. ATR म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो, वेल्स वाइल्डरनं 1978 मधे मांडलेलं माप, आणि ही सरासरी किती दिवसांची धरायची तो पीरियड. आता गंमत अशी की हिरवी रेघ चालू असताना ती फक्त वर सरकते, खाली कधीच येत नाही, आणि क्लोज तिच्या खाली गेला की लाल रेघ सुरू होते, ती मग फक्त खाली सरकते, आणि क्लोज तिच्या वर गेला की परत हिरवी. लाल झाली की विकायचं, हिरवी झाली की घ्यायचं. दिवसभरात रंग बदलून परत पूर्ववत होऊ शकतो, म्हणून क्लोज होईपर्यंत त्याला सिग्नल मानायचं नाही.

आता वहीतलं उदाहरण घेऊ, आकडे सोपे केलेत. शेअर 500 च्या आसपास, ATR 12, आणि भाव आडवा चाललाय, म्हणजे कँडलचा मध्य 478 ते 512 मधेच फिरतोय. मल्टिप्लायर 2 असेल तर तळाला लाल रेघ 478 अधिक 24 म्हणजे 502 वर येऊन थांबते. एक दिवस क्लोज 504, रंग हिरवा, दुसऱ्या दिवशी ओपनला 505 ला घेतला. मध्य 512 पर्यंत गेला, हिरवी रेघ 488 वर चढली, मग भाव फिरला, 486 क्लोज, दुसऱ्या दिवशी 485 ला विकला. शेअरमागं 20 रुपये गेले. 100 शेअर असतील तर 2000, वरून एसटीटी दोन्ही बाजूला 0.1 टक्का म्हणजे जवळपास 99 रुपये, शिवाय स्टँप ड्युटी, एक्स्चेंज आणि डीपीचे चार्जेस. म्हणजे खर्च नगण्य नाही, पण डिलिव्हरीत खरा मार चार्जेसचा नसतो तर घेतलेल्या आणि विकलेल्या भावातल्या फरकाचा असतो. आणि हीच फेरी लागोपाठ दोन-तीनदा झाली की 50 हजारातले चार-सहा हजार ट्रेंड यायच्या आधीच साफ.

तेच 3 ला बघा. लाल रेघ 514 वर, सगळ्यात वरचा क्लोज 513, म्हणजे त्या आडव्या पट्ट्यात एकही सौदा झाला नाही. मामांचं बरोबर. पण मग पट्टा थोडा रुंद झाला, क्लोज 519 आला, मध्य 516, हिरवी रेघ 480. ओपनला 520 ला घेतला, भाव परत खाली, 477 क्लोज, 476 ला विकला. एका फेरीत 44 रुपये! रेघ 36 रुपयांवर होती, तरी 44 का? कारण आपण कँडलच्या मध्याला घेत नाही, त्याच्या वर घेतो, आणि रेघेवर विकत नाही, क्लोजनंतर दुसऱ्या दिवशी तिच्या खाली विकतो. म्हणून मल्टिप्लायर वाढवला की फसवे सिग्नल कमी होतात हे अर्धंच आहे, जो फसतो तो जास्त महाग पडतो हे बाकीचं अर्धं आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

यावर उपाय एकच, क्वांटिटी रेघेच्या अंतरावरून काढायची. एका सौद्यात 2000 पर्यंत घालवायची तयारी असेल तर 520 ते 480 चं अंतर 40, म्हणून 50 शेअर. ओपनच्या फरकामुळं प्रत्यक्षात 2200 गेले, पण 4400 नाही गेले. मी आता 3 ला घेतो तेव्हा आधी हा भागाकार, मग ऑर्डर.

मित्राची बाजू ट्रेंडमधे तपासली. शेअर खरंच चालायला लागला, मध्य 590, ATR 14. मल्टिप्लायर 2 ची रेघ 562 वर, 3 ची 548 वर. मधे भाव सुस्तावला, क्लोज 558, 2 वाला 557 ला बाहेर. मध्य 560 पर्यंत आला, लाल रेघ 588, भाव परत उसळला आणि 2 वाल्याला 592 ला घ्यावा लागला. तेवढ्यात 35 रुपये गेले, तेही चालू तेजीत. 3 वाला बसून राहिला. शेवटी टोकाला 3 वाला जास्त परत देतो हे खरं, मध्य 640 आणि ATR 15 असताना त्याची रेघ 595 वर होती, पण मधल्या या बाहेर-आतचा हिशोब धरला की 2 चा फायदा तेवढा उरत नाही.

पीरियडकडं मी आधी फार बघत नव्हतो, पण तिथंच मला सगळ्यात कामाची गोष्ट सापडली. भाव 500 ला निवांत पडलाय, रोजची हालचाल 12 वरून 7 वर आली. दहा सेशननंतर 7 पीरियडचा ATR जवळपास 8 होतो, 20 पीरियडचा 10 च्या आसपास राहतो. मल्टिप्लायर 3 ला पहिल्याची हिरवी रेघ 464 वरून 476 वर आली, दुसऱ्याची 470 वर. भाव जागचा हललेला नाही आणि रेघ मात्र वर सरकत गळ्याशी आली, आणि एकदा वर आलेली रेघ परत खाली जात नाही! मग एखादी नेहमीसारखी मोठी लाल कँडल आली की 7 वाला कापला जातो. उलट रिझल्टच्या दिवशी शेअर 40 रुपये हलला तर 12 चा ATR 7 पीरियडमधे एका दिवसात 16 होतो, 14 मधे 14. त्या दिवशी रंग बदलला असेल तर 7 वाल्याची नवी रेघ 48 रुपये लांब पडते, 14 वाल्याची 42. म्हणून मी 14 घेतला, त्याची रेघ शांतपणे चालते.

मल्टिप्लायर निवडताना सगळ्यात जास्त फायदा देणारा आकडा उचलला नाही. पीरियड 14 पक्का ठेवून 2, 2.5, 3, 3.5, 4 असं वेगवेगळ्या क्षेत्रातल्या शेअर्सवर चालवलं, चार्जेस वजा करून आणि सौदा दुसऱ्या दिवशीच्या ओपनला धरून. एखाद्या शेअरवर 2.5 चमकतो आणि 2, 3 दोन्ही तोट्यात, असं दिसलं की तो आकडा त्या शेअरच्या जुन्या चार-दोन कँडलवर बसलेला असतो, पुढं त्याचा भरवसा नाही. मी शेजारचे आकडेही बरे चालतात असा भाग शोधला आणि तो माझ्या यादीत 3 च्या आसपास निघाला. तुमच्या यादीत, तासाच्या चार्टवर, वेगळा निघू शकतो.

आडव्या बाजारात घेऊच नये म्हणून ADX ची, म्हणजे ट्रेंडमधे किती जोर आहे ते सांगणाऱ्या मापाची, अट लावून पाहिली. फसवे सिग्नल कमी झाले खरे, पण मोठ्या तेजीचा पहिला सौदाही बऱ्याचदा हुकला, आणि वर्षाची कमाई अशाच एक-दोन सौद्यांवर असते, म्हणून ती अट काढून टाकली. सध्या 14 आणि 3, क्वांटिटी भागाकारानं, आणि रिझल्ट दोन दिवसांवर असेल तर नवा सिग्नल सोडून देतो.