आज एक नकार लिहिला

सहा वर्षांपासूनचे क्लायंट आहेत काका, त्यांच्या कंपनीची सगळी ब्रोशर्स मीच मराठीत करते. काल त्यांनी पणजोबांच्या जमिनीच्या जुन्या मोडी कागदांचे फोटो पाठवले, म्हणे कोर्टात लावायचेत, तूच कर. आता मी मोडी शिकलीये ती हौशी क्लासपुरती. त्यात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत नाही, आणि आकडा किंवा नाव चुकलं तर वाटणीच बदलायची!

आधी "बघते, कळवते" टाईप केलेलं, मग खोडलं, कारण त्यात ते पंधरा दिवस अडकून बसले असते. शेवटी लिहिलं,

"काका, विश्वास टाकलात, थँक्यू. पण हे काम मी घेत नाहीये. मोडी मला कोर्टात टिकेल इतकी वाचता येत नाही. पुराभिलेख संचालनालयाची मोडीची परीक्षा पास झालेल्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, माझ्या माहितीतल्या एका जाणकारांचा नंबर त्यांनाच विचारून पाठवते. देवनागरीत आलं की इंग्रजी भाषांतर मी करेन. दिवाळीचं ब्रोशर ठरल्याप्रमाणे."

बिझी आहे असं मुद्दाम नाही लिहिलं, नाहीतर म्हणाले असते पुढच्या महिन्यात कर 😄

तासाभराने रिप्लाय, "बरं झालं सांगितलंस. नंबर पाठव."