पंप केसिंगसाठी दुसरी फाउंड्री : 70:30 पर्यंत पोहोचतानाचा माझा अनुभव

पुण्याजवळच्या पंप कारखान्याची खरेदी मी पाहतो. आमच्या एका पंपाचं केसिंग 18 किलोचं, एफजी 260 बिडाचं, महिन्याला 1000 नग लागतात. सगळे नग कोल्हापूरच्या एकाच फाउंड्रीतून यायचे. रेट किलोला 95 रुपये, माल चांगला, तक्रार नव्हती. तरीही आम्ही दुसरी फाउंड्री जोडली. ती का, कशी आणि किती खर्चात, ते इथे लिहितो. आकडे सोपे दिसावेत म्हणून गोळाबेरीज केली आहे, प्रमाण तेच आहे.

पहिला प्रश्न, दुसरा व्हेंडर नेमका कशासाठी हवा? बहुतेक जण म्हणतात, माल अडकला तर लाइन थांबू नये म्हणून. पण दोन आठवड्यांच्या अडचणीसाठी दुसरा व्हेंडर हा महागडा उपाय आहे. आमचं उत्पादन दिवसाला 40 पंपांचं. बारा कामाच्या दिवसांचा साठा म्हणजे 480 केसिंग, किंमत साधारण 8.2 लाख, त्यावर 12 टक्के व्याज धरलं तर वर्षाला एक लाखाच्या आत. नग रॅकवर ठेवायचे, मशीन न केलेल्या भागांना प्रायमर मारायचा, आधी आलेला माल आधी वापरायचा. भट्टी बंद पडली, संप झाला, ट्रक अडला, एवढं सगळं या साठ्यात निभावतं.

साठा जिथे संपतो तिथे दुसऱ्या व्हेंडरचं काम सुरू होतं. फाउंड्री आर्थिक अडचणीत येऊन बंद झाली, किंवा तिने दुसऱ्या मोठ्या ग्राहकाला क्षमता दिली, तर नवी फाउंड्री उभी करायला किमान तीन महिने जातात. पॅटर्न आणि कोअर बॉक्सला सहा आठवडे, नमुने आणि दुरुस्त्यांना तीन, पायलट लॉटला तीन. पंपामागे 2500 रुपये सुटतात असं धरलं तर महिन्याला 25 लाख, तीन महिन्यांना 75 लाख. साठ्याने भागणारे बारा दिवस वजा केले तरी 63 लाखांचं नुकसान.

आता दुसऱ्या व्हेंडरचा खर्च. पहिल्या फाउंड्रीचं काम 1000 वरून 700 वर आलं, म्हणून तिने किलोला एक रुपया वाढवून मागितला. दुसरी फाउंड्री भाड्यासकट किलोला चार रुपयांनी महाग. दोन्ही मिळून महिन्याला 34,200, वर्षाला 4.1 लाख. नव्या पॅटर्न संचाचे तीन लाख तीन वर्षांत विभागले तर आणखी एक लाख. म्हणजे वर्षाला 5.1 लाख. 63 लाखांचा फटका बारा वर्षांतून एकदा बसण्याची शक्यता वाटत असेल तर हा खर्च बरोबरीत सुटतो. एकाच मालकाच्या जिवावर चालणारी, त्याच्यानंतर पाहणारं कोणी नसलेली फाउंड्री असेल, तर मी ही शक्यता त्याहून जास्त धरतो. उलट महिन्याला 50 नग लागणाऱ्या भागाला हा हिशोब बसत नाही. तिथे एकच व्हेंडर आणि जरा मोठा साठा, एवढंच पुरे.

दुसरी फाउंड्री कुठली, यात सगळ्यात जास्त फसगत होते. पहिली शिरोलीत आणि दुसरी गोकुळ शिरगावात, तर कागदावर व्हेंडर दोन आणि रस्ता एक. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता. पुण्याला येणारा बेळगावचा आणि कोइमतूरचा मालही सहसा याच महामार्गाने येतो. म्हणून आम्ही राजकोटची फाउंड्री घेतली. त्या चार रुपयांतला बराचसा भाग भाड्याचाच आहे. रस्त्याइतकंच कोअर कुठून येतात हेही विचारावं. अनेक फाउंड्री कोअर बाहेरून करून घेतात, आणि जवळपासच्या दोघींचा कोअरवाला एकच निघू शकतो. हे कोटेशनमध्ये कळत नाही, शॉपमध्ये जाऊन कोअरच्या ट्रॉल्या कुठून येतात ते बघावं लागतं.

70:30 च का? 30 टक्के म्हणजे 300 नग, 5.4 टन, म्हणजे महिन्याला एक लहान ट्रक पूर्ण भरतो. 100 नग दिले असते तर पार्ट लोडचं भाडं लागलं असतं, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा मोल्डिंगला येणाऱ्या जॉबकडे फाउंड्रीचं लक्ष राहत नाही. कोअर कसा बसवायचा, रायझर कुठे तोडायचा, हे माणसं विसरतात आणि प्रत्येक लॉटमध्ये रिजेक्शन नव्याने सुरू होतं. दुसरं कारण आणीबाणीचं. राजकोटच्या फाउंड्रीत एका पाळीत साच्याच्या 40 पेट्या पडतात, पेटीत एक नग. 25 दिवसांत 1000 पेट्या, रिजेक्शन धरून साडेनऊशेच्या आसपास. म्हणजे पहिली फाउंड्री बंद पडली तर दुसरी एकटी जवळपास भागवू शकते, पण तिने इतर ग्राहकांचं काम बाजूला ठेवलं तरच. ही वाढीव क्षमता किती दिवसांत देणार, ते आम्ही करारात लिहून घेतलं : तीन आठवडे. साठा बारा दिवसांचा आणि वाढ तीन आठवड्यांत, पण मधल्या काळात तिचे नेहमीचे नग येतच राहतात, म्हणून खंड थोडक्यात निभावतो.

खरा त्रास मशीन शॉपमध्ये झाला. दोन पॅटर्न म्हणजे दोन वेगळी केसिंग, ड्रॉइंग एकच असलं तरी. राजकोटच्या पहिल्या पाच नगांतला एक कापून भिंतीची जाडी मोजली तेव्हा एका बाजूला दीड मिलिमीटर कमी निघाली. कोअर सरकत होता. कोअर प्रिंट घट्ट केल्यावर ते थांबलं. फिक्स्चरमध्ये नग टेकतो ते तीन पॅड दोन्ही पॅटर्नवर अगदी त्याच जागी असायला हवेत, नाहीतर ऑपरेटरला लॉटनुसार सेटिंग बदलावं लागतं. कडकपणाचंही तसंच. एकीचा माल 185 ब्रिनेलला येतो, दुसरीचा 220 ला. दोन्ही ड्रॉइंगमध्ये बसतात, पण इन्सर्ट दुसऱ्या मालात लवकर झिजतात. म्हणून दोन्हींचे लॉट मिसळत नाही, एक संपला की दुसरा लावतो. प्रत्येक नगावर फाउंड्रीची खूण आणि हीट नंबर उठलेला हवाच. नाहीतर हायड्रो टेस्टला गळणारा नग कोणाचा, यावर डेबिट नोट अडून राहते.

रेटबाबत एक पथ्य आम्ही पाळतो. दुसऱ्या फाउंड्रीला पहिलीच्या रेटवर यायला भाग पाडत नाही. तसं केलं की तो पैसा कुठून तरी निघतो, बहुतेकदा इनॉक्युलंटमधून किंवा नव्या वाळूतून. मग पातळ कडा चिल होऊन ड्रिल तुटतात, नाहीतर ब्लो होल वाढतात. त्याऐवजी रेटचे दोन भाग केले. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाग दर महिन्याच्या बाजारभावाने हलतो, प्रक्रियेचा भाग वर्षभर बांधलेला असतो. हिस्सा मात्र दर तिमाहीला वेळेवर पुरवठा आणि रिजेक्शन पाहून दहा टक्क्यांनी वर-खाली होतो. हे पीओमध्येच लिहिलेलं असल्याने वाटाघाटीला जागा राहत नाही. राजकोटचा हिस्सा 20 वर आला तर पार्ट लोडचं वाढीव भाडं कोणी भरायचं, हेही त्याच पीओत लिहावं लागलं : पहिली तिमाही आम्ही, त्यापुढे ते.