मेंबरशिपचं वर्णन कसं लिहावं

तुम्ही विचारलंत म्हणून: "यूट्यूब चॅनलच्या मेंबरशिपच्या वर्णनात काय लिहू? पैशांसाठी हात पसरतोय असं वाटायला नको, पण लोक जॉइन तर व्हायला हवेत."

मी आधी एकच बघते, की जो जॉइन होणार नाहीये त्याने हे वाचलं तर त्याला कसं वाटेल. कारण बहुतेक प्रेक्षक मेंबर होत नाहीत, पण वाचतात तेही, आणि नाराज झाले तर व्हिडिओ बघणंही सोडतात.

समजा सायकल दुरुस्तीचं चॅनल आहे आणि यूट्यूबवर मेंबरशिप सुरू करायचीय. पहिला मसुदा सहसा असा येतो: "तुमच्या सपोर्टशिवाय हे चॅनल चालणार नाही. खरे चाहते असाल तर नक्की जॉइन व्हा." यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे चॅनल बंद पडलं तर दोष बघणाऱ्याचा, आणि दुसरं, ज्याच्याकडे आत्ता पैसे नाहीत तो आपोआप खोटा चाहता ठरला. मी तेच असं लिहीन:

"दर आठवड्याचा व्हिडिओ सगळ्यांसाठी फ्रीच राहील. मेंबर झालात तर कमेंटमध्ये नावाशेजारी बॅज दिसेल, आमचे इमोजी वापरता येतील आणि नवीन व्हिडिओ एक दिवस आधी मिळेल. या पैशांतून टूल्स आणि एडिटिंगच्या खर्चाला हातभार लागतो. कधीही बंद करा, भरलेली मुदत संपेपर्यंत सगळं चालू राहील."

फ्री काय राहणार ते पहिल्याच वाक्यात मुद्दाम घातलंय, म्हणजे आपलं काही काढून घेतलं असं कुणाला वाटत नाही. आणि "हातभार" म्हटलंय, "तुमचा प्रत्येक पैसा टूल्सवर जातो" असं नाही, कारण टॅक्स आणि फी वजा जाऊन उरलेल्यातले 70 टक्केच आपल्याला मिळतात, मग असं लिहिणं खोटंच ना.

पर्क निवडताना मात्र हात आखडता घ्या. बॅज आणि इमोजी एकदा बनवून अपलोड केले की झालं, पण "प्रत्येक मेंबरच्या सायकलचा प्रॉब्लेम मी स्वतः सोडवेन" असं लिहिलंत की पाच मेंबर असताना मजा येते आणि पन्नास झाले की उत्तरं रखडतात, मग माफीच्या पोस्ट सुरू होतात आणि तिथूनच ते गिल्टचं वातावरण तयार होतं जे आपल्याला नको होतं. त्यापेक्षा "महिन्यातून एक मेंबर्स लाइव्ह, वेळ असेल तेवढे प्रश्न घेऊ" हे पाळता येतं.

लेव्हल्सची नावं पण जपून हं. "मित्र" आणि वर "जिवलग मित्र" ठेवलं की खालचा कमी जवळचा झाला. पेडल, चेन, हँडल अशी ठेवा. वरच्या लेव्हलला खालचे पर्क आपोआप मिळतातच, त्यामुळे तिथे फक्त जास्तीचं काय ते एका ओळीत लिहिलं तरी चालतं.