मुंबई ते कुडाळ: रात्रीच्या गाडीने एकटीने

मार्गशीर्षात आईला भेटण्यासाठी मी मुंबईहून कुडाळला रात्रीच्या गाडीने एकटी गेले. तिकीट काढताना पहिला प्रश्न स्लीपर की थ्री टायर एसी, हा होता. स्लीपरमध्ये स्त्रियांसाठी सहा बर्थचा राखीव कोटा असतो आणि त्यातून तिकीट मिळाले तर शेजारी बहुधा स्त्रियाच येतात. पण गर्दीच्या दिवसांत त्याच डब्यात प्रतीक्षा यादीतले प्रवासी मार्गिकेत उभे राहतात, म्हणून मी थ्री टायर घेतला. बर्थचा क्रमांक आपल्याला निवडता येत नाही, पसंती मात्र नोंदवता येते. मी वरचा बर्थ मागितला आणि सुदैवाने डब्याच्या मध्यावरचा ३५ क्रमांक मिळाला. साइड लोअरवर जाणारे-येणारे टेकतात, दाराजवळच्या बर्थपाशी रात्रभर ये-जा असते. वरच्या बर्थवर चढण्याचा त्रास आहे, पण तिथे सहज कुणी बसत नाही.

कुडाळच्या भावाला पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक आधीच पाठवला होता. पनवेल, चिपळूण आणि रत्नागिरी या तीन ठिकाणांहूनच निरोप येईल, मध्ये फोन लागला नाही तर घाबरू नकोस, असेही सांगितले होते, कारण कोकण रेल्वेच्या बोगद्यांत नेटवर्क जाते आणि एकटा करबुड्याचाच बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे.

माणगाव गेल्यावर समोरच्या बाजूचा एक इसम माझ्या बर्थला टेकून उभा राहिला आणि कुठे उतरणार, सोबत कोण आहे, असे पुन्हा पुन्हा विचारू लागला. मी उत्तर दिले नाही, दिवा लावला आणि मोठ्याने म्हटले, "बाजूला व्हा, मला त्रास होतोय." खालच्या बर्थवरच्या काकू जाग्या झाल्या. "गो, हय ये, माझ्या बाजूक बस," म्हणाल्या. तो हटला, पण दाराशी घुटमळत राहिला. टीटीई दिसत नव्हते, म्हणून नेटवर्क येताच १३९ ला फोन करून गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि पुढचे स्थानक सांगितले. साखळी ओढली नाही. आडरानात किंवा बोगद्यात गाडी थांबली असती तर मदत उलट लांबली असती. ११२ हाही पर्याय आहे, परंतु धावत्या गाडीत १३९ ला सांगितले की थेट पुढच्या स्थानकावरच्या रेल्वे सुरक्षा दलापर्यंत खबर जाऊ शकते.

चिपळूणला दोन जवान डब्यात चढले आणि त्यांनी त्याला दुसरीकडे नेले. तक्रार नोंदवायची असल्यास प्रवास मोडून उतरावे लागत नाही. टीटीई, गार्ड किंवा गाडीतल्या जवानांकडे त्याचा फॉर्म मिळतो. मी तो तिथेच भरून दिला, त्यात वेळ आणि त्या इसमाचा बर्थ क्रमांक लिहिला, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो भावाला पाठवला.

सकाळी कुडाळला उतरले, तेव्हा भाऊ माझ्या डब्याच्या दारासमोरच उभा होता.