तुम्ही विचारलंत म्हणून: वेळासची कासवं

"आजी, आम्हाला घेऊन सुट्टीला कुठेही जाता आलं, तर तू कुठे नेशील?"

प्रिय मुक्ता, ओजस आणि ईशान,

वेळासला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळच हे गाव आहे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आपण मात्र जायचं ते तिथल्या वाळूतून बाहेर येणारी कासवाची पिल्लं पाहायला.

माझ्या माहेरी, दापोलीकडे, मी लहानपणी कासवाची अंडी टोपलीत पाहिली आहेत. पांढरी, गोल, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, आणि कवच कडक नसतं, बोटाने दाबलं तर दबतं. किनाऱ्यावर सापडली की लोक ती घरी नेत आणि खात. आमच्या घरी खात नसत, पण त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू मात्र मी अजून पाहिलेलं नाही. ते पहिल्यांदा पाहायचं तर तुम्ही तिघं शेजारी असावीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

या कासवांना ऑलिव्ह रिडले म्हणतात. वाढलेली मादी साधारण दोन फूट लांब असते. थंडीच्या दिवसांत ती रात्री वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून जागा सारखी करते आणि परत जाते. पिल्लांसाठी ती पुन्हा फिरकत नाही. मग कुत्री, कोल्हे आणि खेकडे ती अंडी हुडकतात. माणसंही हुडकायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन हे थांबवायला घेतलं. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात, मादीच्या पायांच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. प्रत्येक खड्ड्याची तारीख लिहिलेली असते.

त्या तारखेवरच आपली सहल ठरणार आहे, म्हणून नीट वाचा. अंडी उबायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू तापलेली असली की लवकर, गार असली की उशिरा. (पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उबेवरच ठरतं. जास्त ऊब असली की माद्या.) समजा 28 जानेवारीला घरटं सापडलं. पन्नास दिवस धरले तर 19 मार्च येतो. आठवडाभर इकडेतिकडे होणारच. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीचा आपल्याला उपयोग नाही, तोवर पिल्लं समुद्रात गेलेली असतात. आपल्याला मार्चमध्येच, पाडव्याच्या सुमाराला जावं लागेल. तुमच्या आईबाबांना मी हे सांगितलं आहे. शाळा एक दिवस बुडेल, ती मी माझ्या नावावर घेते.

फेब्रुवारीच्या शेवटी मी गावात फोन करीन. किती घरटी आहेत, कुठल्या तारखांची आहेत, हे ती माणसं सांगतात. पण फोन केला म्हणून पिल्लं आपल्यासाठी थांबत नाहीत. कुंपणातल्या घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, त्या सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात. कधी टोपलीखाली वीस पिल्लं असतात, कधी नुसती वाळू. म्हणून दोन रात्री राहायचं. शुक्रवारी दुपारी पोहोचलो तर त्या दिवशीची संध्याकाळ, शनिवारची सकाळ आणि संध्याकाळ, रविवारची सकाळ, अशा चार वेळा मिळतात. ओजस, तू विचारशील की आज निघणार हे आधी कळतं का. थोडं कळतं. पिल्लं आत वळवळायला लागली की घरट्यावरची वाळू खचते आणि मधोमध खळगा पडतो. तसा खळगा दिसला की संध्याकाळपर्यंत कुणी हलायचं नाही.

बाहेर आलेली पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. लाटांपासून थोडं अलीकडे, वाळूवर ठेवतात आणि पुढचं अंतर त्यांनाच चालू देतात. मोठ्या झालेल्या माद्या आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडेच परततात असं मानतात, आणि त्या किनाऱ्याची ओळख पटायला हे चालणं लागतं, असा यामागचा विचार आहे. आपण दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. ईशान, हात लावायचा नाही, उलटं पडलेलं दिसलं तरी नाही, ते कासवमित्र बघतील. मुक्ता, फोनचा फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाकडे चालतात, उघड्या समुद्रावरचं उजळ आभाळ ही त्यांची वाट असते. मागून उजेड आला की ती गावाकडे वळतात. त्यातली फार थोडी जगतात, हजारात एखादं मोठं होतं असं म्हणतात, त्यामुळे आपल्या पायांनी किंवा दिव्याने त्यांची वाट बिघडायला नको.

जाताना आपण ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून हरिहरेश्वर आणि बागमांडल्याला जायचं. मंडणगडवरून रस्त्यानेही जाता येतं, पण मला फेरीबोट हवी आहे. बागमांडल्याला गाडीसकट बोटीत चढायचं आणि खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात तुम्ही ओंजळीत पाणी घेतलं होतं ना, तिथल्या पाच नद्यांपैकी कृष्णा पूर्वेला गेली आणि सावित्री पश्चिमेला आली, तिचीच ही खाडी. पुढे वाटेत बाणकोटचा किल्ला आहे, तो मी खालून बघेन, तुम्ही वर जाऊन या.

राहायचं गावातल्याच कुणाच्या तरी घरी. खोलीत गाद्या घालून देतात आणि घरचं जेवण वाढतात. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायला लागतं, मी सांगीन. हे पैसे गावातल्या घरात जातात हे मला फार मोलाचं वाटतं, कारण माझ्या लहानपणी ज्या अंड्यांचं कालवण व्हायचं ती राखून आज किनाऱ्यावरच्या घरांना चार पैसे मिळतात.

आणखी एक. 2021 साली ओडिशात पायाला खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत आपल्याकडे, गुहागरला अंडी घालायला आली. देशाच्या त्या किनाऱ्यावरून या किनाऱ्यावर! मुक्ता, तुझ्या नकाशाच्या वहीत ओडिशाचा किनारा आणि गुहागर शोध आणि श्रीलंकेला वळसा घालून दोन्ही ठिकाणं पेन्सिलीने जोड. ती वही बरोबर आण.

किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं, आणि सकाळी सातच्या आत तिथे असायला हवं. मी हळू चालते, तेव्हा आपण बाकीच्यांच्या अर्धा तास आधी निघू. परीक्षेचं वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी मला पाठवा, म्हणजे मला खोली सांगून ठेवता येईल. पाडव्याच्या सुमाराला तिथली घरं लवकर भरतात.

तुमची
आजी